रिलीव्हर नसलेला निरोप

जहाजावर निरोपासाठी वेगळा वेळ नसतो. सिंगापूरला किंवा फुजैराला जहाज नांगर टाकतं, एजंटची लाँच शिडीला लागते, तिच्यातून तुमचा रिलीव्हर वर येतो आणि त्याच लाँचने तुम्ही खाली जायचं असतं. लाँचचं भाडं तासावर चाललेलं, एजंट घड्याळ बघतोय, विमान रात्रीचं. त्या तास-दोन तासांत, आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या माणसाच्या हातात अख्खी इंजिनरूम द्यायची. मी सेकंड इंजिनिअर, त्यामुळे माझ्या निरोपाची वाक्यं ठरलेली: प्युरिफायरचे सुटे भाग कुठल्या कपाटात आहेत, बॉयलरच्या पाण्याची टेस्ट चार साब म्हणजे फोर्थ इंजिनिअर करतो पण एकदा स्वतः बघून घे, आणि दोन नंबर जनरेटर सुरू करण्याआधी त्याचा फ्युएल रॅक हाताने हलवून बघ, तो अडकतो. यातलं सगळं हँडओव्हर नोटमध्ये लिहिलेलं असतं. तरी रॅकसारखी गोष्ट तिथे नेऊन, त्याचा हात त्यावर ठेवूनच सांगावी लागते. किती जोर लावायचा ते कागदावर उतरत नाही.

ज्यांच्याबरोबर महिनोन् महिने जेवलो, भांडलो, पत्ते खेळलो, त्यांच्या वाट्याला मग उरतात शिडीपाशी बॅगा खाली सोडतानाची दहा मिनिटं. तिथे कुणी भावूक होऊन बोलत नाही. "पासपोर्ट घेतला? सीडीसी? सीओसी?" सीओसी म्हणजे लायकीचं सर्टिफिकेट, सीडीसी म्हणजे आमची नोंदवही. कुठल्या जहाजावर कधी चढलो, कधी उतरलो याचे कॅप्टनने मारलेले शिक्के त्यात असतात, आणि उतरल्याचा शिक्का नसेल तर पुढे सगळीकडे अडायला होतं. विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की कागद केव्हाच पाकिटात गेलेत, पाकीट पाठीवरच्या सॅकमध्ये गेलंय. तरी तो विचारतो, कारण हात हलवत नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. मग "पहुँच के मेसेज डालना." आणि सगळ्यात शेवटी, तोंडातल्या तोंडात, "कहा-सुना माफ करना, साब."

भारतीय क्रूच्या जहाजांवर हे शेवटचं वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की रीतच म्हणावी. आणि ती पोकळ रीत नाही. इंजिनरूममध्ये बोलणं म्हणजे ओरडणंच. कानांवर मफ, अंगातून घाम, इंजिनाचा आवाज असा की शेजारच्याच्या कानाला तोंड लावल्याशिवाय शब्द पोचत नाही. त्यात ओरडून दिलेली ऑर्डर कुठे संपली आणि रागाने हासडलेली शिवी कुठे सुरू झाली, हे ऐकणाऱ्याला दर वेळी समजतंच असं नाही. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बरंच साठलेलं असतं. ते घरी न्यायचं नसतं आणि मागे राहणाऱ्याच्या डोक्यावर ठेवून जायचं नसतं, म्हणून शिडीपाशी सरसकट माफी मागून हिशेब मिटवायचा.

जाणारा आपल्या वस्तूही वाटून टाकतो. अर्धी टूथपेस्ट, सुक्या लसणीची चटणी, मॅगीची उरलेली पाकिटं, घरातल्या चपला, सिनेमांनी भरलेली हार्ड डिस्क. बरा बॉयलर सूट असेल तर त्यासाठी आधीच नंबर लागलेले असतात. एक बारीक गंमतही सांगून ठेवतो: साइन-ऑफच्या आधीच्या आठवड्यात ज्युनिअर मंडळी कमालीची गोड होतात, कारण अप्रेझल फॉर्म अजून भरायचा असतो. त्या आठवड्यातल्या स्तुतीला मी निरोप मानत नाही.

आणि लाँच सुटली की वरचे पाचेक मिनिटं रेलिंगला असतात, मग पांगतात. बारा-ते-चारवाल्याला वॉच असतो. नवा सेकंड खाली रॅक हलवून बघत असतो. संध्याकाळी मेसमध्ये त्याच खुर्चीवर तो बसलेला असतो आणि दोन दिवसांत त्यालाच सगळे "सेकंड साब" म्हणू लागतात. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, मलाही ते नाव असंच आयतं मिळालेलं असतं. सगळे एकदम पांगले असं जहाजावर होत नाही. आज दोघं, पुढच्या बंदरात तिघं, कॅप्टन त्यानंतर. माणसं बदलत राहतात, जहाज चालू राहतं. उलटा प्रकार मात्र 2020 साली पाहिला. बंदरं बंद, विमानं बंद, रिलीव्हर येईना. त्या वर्षाअखेरीला जगभरात सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकलेत, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. आमच्याकडे एकाच इलेक्ट्रिशियनच्या निरोपाचा केक पुन्हा पुन्हा कापला गेला. शेवटी कुकने सांगून टाकलं की माणूस लाँचमध्ये बसल्याशिवाय मी मैदा भिजवणार नाही.

सगळ्यांनी एकाच दिवशी उतरायचं, असं जहाज तोडतात तिथे होतं, अशा एका ठिकाणी मी एकदा गेलोय. अलंगला. भावनगरपासून पन्नासेक किलोमीटरवरचा खंबातच्या आखातातला हा किनारा. 1983 पासून तिथे जहाजं तोडायला आणतात. आणतात म्हणजे चालवत आणून थेट वाळूत घुसवतात. त्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणून ते जमतं. पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या उधाणाला जहाज शक्य तितकं वर चढवायचं. पाणी ओसरलं की ते कोरडं पडतं, आणि मग गॅस कटर घेऊन माणसं चालतच त्याच्यापाशी येतात.

आमचं जहाज जुनं बल्क कॅरियर होतं. विकल्याची बातमी आधी कुकला कळली. (जहाजावर बातमी कुकलाच आधी कळते, कशी ते विचारू नका.) जुन्या मालकाने ते अशा व्यापाऱ्याला विकलं जो रोख पैसे देऊन जुनी जहाजं घेतो आणि तोडणाऱ्याला पुढे विकतो. व्यवहार रिकाम्या जहाजाच्या वजनावर, टनाच्या भावाने. फुजैराच्या नांगरावर कागदपत्रं झाली आणि आम्हाला विचारलं, अलंगपर्यंत कोण येणार? जवळपास सगळेच राहिलो. ओएस मुलगा, म्हणजे डेकवरचा कनिष्ठ खलाशी, पाठीमागच्या बाजूला दोरीच्या फळीवर बसून खाली उतरला आणि नावातली काही अक्षरं काळ्या रंगाने बुजवली. जे उरलं ते नवं नाव. खालचं बंदराचं नावही बदललं, झेंडा कोमोरोसचा लागला. ही सगळी या धंद्यातली नेहमीची पद्धत. एकाच तारखेला आमच्या सीडीसीत एका जहाजावरून उतरल्याचा आणि दुसऱ्यावर चढल्याचा शिक्का पडला. प्रत्यक्षात कुणी केबिनसुद्धा बदलली नव्हती.

भावनगरच्या नांगरावर उधाणाची वाट बघत थांबलो. या दिवसांत कस्टमवाले, मेरीटाइम बोर्डवाले, प्रदूषण मंडळवाले येऊन जातात. जहाज म्हणजे आता आयात झालेला माल, त्यामुळे टाकीत उरलेलं इंधन आणि तेल मोजून द्यावं लागतं, त्यावरही कर बसतो. बाँड स्टोअरला सील लागलं, म्हणजे बिअर बंद. केबिनमधला आरसा, मेसमधले चमचे, पडदे, अगदी डस्टबिनसुद्धा विकत घेणाऱ्याचे झाले. अलंगच्या रस्त्याला दुतर्फा दुकानं आहेत, त्यांना खाडा म्हणतात. जहाजांवरची कपाटं, गाद्या, कपबशा, लाइफ जॅकेटं तिथे मांडलेली असतात. कॅप्टनने सगळ्यांना बजावलं: बॅगा तपासल्या जाणार आहेत, आठवण म्हणून काही उचलू नका. वाटून टाकायच्या वस्तूंचंही पहिल्यांदाच अडलं. बोसन आपला बरा बॉयलर सूट हातात घेऊन मेसमध्ये उभा राहिला आणि घ्यायला कुणी नाही, कारण प्रत्येकाच्या हातात आपापला होता.

त्या दिवसांत सगळ्यात जास्त वापर झाला तो जहाजाच्या शिक्क्याचा. चार साबला परीक्षेला बसायचं होतं, त्यासाठी त्याला वॉचच्या सर्व्हिसचं पत्र चीफ इंजिनिअरच्या सहीने हवं. डेक कॅडेटच्या ट्रेनिंग बुकात राहिलेल्या सह्या हव्यात. एरवी हे नंतरही होतं, ऑफिसला ईमेल केली की जहाज सही करून पाठवतं. इथे नंतर नव्हतंच. जहाज तुटणार, शिक्का जाणार, चीफ पंजाबात आणि कॅप्टन गोव्यात. कॅडेट बिचारा वेगळ्याच काळजीत होता: अर्ध्या पानांवर जुनं नाव, अर्ध्यांवर नवं, परीक्षेवाले म्हणतील ही दोन जहाजं, मधला खंड दाखव. चीफ ऑफिसरने त्याला बसवून दोन्ही नावांपुढे आयएमओ नंबर लिहायला लावला. नाव, झेंडा, मालक काहीही बदललं तरी जहाजाचा तो सात आकडी नंबर बांधल्यापासून तुटेपर्यंत एकच राहतो. मग प्रत्येकाने आपापल्या कागदावर तो घातला. बडा साब म्हणजे चीफ इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत सह्या करत बसला होता, आणि सही करता करता प्रत्येकाला काहीतरी बोलत होता. चार साबला म्हणाला, "तोंडी परीक्षेत येत नसेल तर येत नाही म्हण, ठोकून देऊ नकोस." मला वाटतं त्या जहाजावर निरोपाचं खरं बोलणं या टेबलापाशी झालं. आणि कॅप्टनने डेकवर जमवून केलेलं भाषण? ते मला आज आठवतसुद्धा नाही.

फिटर आणि चीफ कुक यांचं चार महिन्यांपासून बोलणं बंद होतं. गॅलीतल्या रेंजची एक प्लेट तापत नव्हती. कुक म्हणे फिटर मुद्दाम टाळतो, फिटर म्हणे हे काम इलेक्ट्रिशियनचं. ताटात भाजी कमी पडते इथपर्यंत प्रकरण गेलं होतं. नांगरावरच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी गॅलीत चहाला गेलो तर फिटर रेंजखाली आडवा. प्लेट बाहेर काढलेली, जळकी तार कापून नवी घातलेली, आणि कुक त्याच्यासाठी बॅटरी धरून बसलेला. दोघंही बोलत नव्हते. दोन दिवसांत ती रेंज कुणीतरी भंगारात उचलून नेणार, हे दोघांना माहीत होतं. मी काही बोललो नाही, चहा घेऊन निघालो. संध्याकाळी त्या प्लेटवर केलेली भजी आली, पहिली बशी फिटरपुढे.

बोसन आमच्या हर्णैचा. डेकवरचा सगळा कारभार त्याच्याकडे. माझ्याशी तो मराठीत बोले, तेही फक्त एकटे असलो की. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये आला आणि म्हणाला, "सेकंड साब, त्या डावीकडच्या नांगराच्या विंडलासचा ब्रेक घसरतो. दोन पॅकिंग लावून मी तो धरून ठेवलाय. आता हे सांगू कोणाला?" मी म्हटलं, मला सांग. तर तो खरंच सांगत बसला. कुठल्या बाजूची लायनिंग झिजली, पाऊस असला की कसा घसरतो, हँडल किती फिरवायचं. मग मी त्याला दोन नंबर जनरेटरचं सांगितलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला विंडलासची गरज नव्हती. पण महिनोन् महिने सांभाळलेली अडचण कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय उतरायची आम्हाला सवयच नाही. एरवी हे सगळं रिलीव्हरच्या कानात जातं, म्हणून बरोबरच्या माणसांपाशी बोलायला काही उरत नाही असं वाटतं. रिलीव्हर नसला की कळतं, बोलणं किती असतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला किनाऱ्यावरून एक कॅप्टन आला, फक्त जहाज चढवण्यासाठी. बॅलास्टचं पाणी असं ठेवलं होतं की नाक हलकं आणि वर, शेपूट पाण्यात, म्हणजे पंखा बुडालेला राहील. आम्ही खाली. आधीच समुद्राच्या पाण्याचं सक्शन वरच्या बाजूचं घेतलं होतं, कारण उथळ पाण्यात खालचं सक्शन गाळ ओढतं. वेगाची ऑर्डर दाखवणारा टेलिग्राफ फुल अहेडला गेला आणि तिथेच राहिला. एरवी बंदरात शिरताना वेग उतरत जातो. इथे जमीन जवळ येतेय आणि इंजिन पूर्ण वेगात, हे अंगाला पटत नाही. टेकलो ते धक्क्याने नाही. आधी पायाखालची थरथर बदलली, मग इंजिनाचा आवाज जड झाला. जहाजाचा वेग मरत होता, गव्हर्नर आकडा टिकवायला जास्त इंधन ढकलत होता, एक्झॉस्टची तापमानं चढत होती. तीन साबने सवयीने माझ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी मी लोड कमी कर म्हणून ओरडलो असतो. बडा साब म्हणाला, "रहने दे."

काही वेळाने वरून फोन आला, फिनिश्ड विथ इंजिन्स. हा निरोप प्रत्येक बंदरात येतो आणि त्यानंतर आम्ही इंजिन थंड करायला, पुढच्या प्रवासाच्या दुरुस्त्यांना लागतो. या वेळी करायला काहीच नव्हतं आणि आठ माणसं कंट्रोल रूममध्ये उभी. मोटरमन सगळ्यांत वयस्कर, विशाखापट्टणमचा. त्याने सगळ्यांना ओळीने हात मिळवले, मग मेन इंजिनाच्या कव्हरला हात लावून कपाळाला लावला. बोलायला मात्र फार वेळ मिळाला नाही. पाणी उतरू लागलं की वरचं सक्शन आधी उघडं पडतं आणि खालचं चिखलात रुतलेलं असतं, त्यामुळे जनरेटरला थंड पाणी मिळत नाही. पाण्याचा दाब हलायला लागला, तापमान चढू लागलं, तसा मी तो थांबवला. अंधार झाला. मिनिटाच्या आत वरचा इमर्जन्सी जनरेटर आपोआप सुरू झाला. त्याला स्वतःचा रेडिएटर असतो, समुद्राचं पाणी लागत नाही. त्या उजेडात आम्ही खालून निघालो.

क्रेनला वीज नव्हती, म्हणून बॅगा दोरीने हातोहात सोडल्या. मग दोरीच्या शिडीने आम्ही. खाली घोट्यापेक्षा वर चिखल. "पासपोर्ट घेतला? सीडीसी?" हे या वेळी सगळे सगळ्यांना विचारत होते, त्यामुळे हसायला आलं. सगळ्यांत शेवटी इलेक्ट्रिशियन, कारण इमर्जन्सी जनरेटर त्याने बंद करायचा होता.

निरोपाची पार्टी भावनगरच्या हॉटेलात झाली. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बावीस खलाशी थाळी आणि ताक घेऊन बसले होते, आणि मॅनेजरला ते कुठल्यातरी लग्नाचं वऱ्हाड वाटलं. तिथे फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. माझ्या फोनमध्ये तोवर सगळे "फिटर", "चार साब", "मोटरमन" असेच होते. मोटरमनने मला माझं पूर्ण नाव विचारलं आणि इंग्रजीत कसं लिहायचं तेही. मग त्याने कंसात "सेकंड साब" घातलंच, नाहीतर सापडणार कसा म्हणाला. कुकने "कहा-सुना माफ" म्हटलं तेव्हा फिटर ताकाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "भाजी कमी दी थी, वो माफ नहीं." सकाळी कुणी बांद्र्याच्या गाडीला, कुणी अहमदाबादला, कुणी विमानाला.

जहाजाच्या नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, जुन्याच नावाचा. पहिला आठवडा घरच्या जेवणाचे फोटो, मग सुप्रभात, मग "सेकंड इंजिनिअर पाहिजे, तातडीने जॉइनिंग" अशा जाहिराती. अर्धवट कापलेल्या जहाजाचा फोटो कुणीतरी टाकला होता. त्याखाली चर्चा झाली ती दिसणारी पाइप फायर लाइनची की बॅलास्टची याची.

तीन साब आता सेकंड झालाय. मध्यंतरी त्याचा रात्री फोन आला. सकाळी जहाजावर चढायचं होतं आणि तिथे चीफ कोण, तर आमचा तोच बडा साब. "साब, सुबह में मूड कैसा रहता है उनका, भूल गया." मी सांगितलं की चहा होईपर्यंत आकडे सांगायचे नाहीत. स्कॅव्हेंज तपासणीचे फोटो तो मागतोच, ते आधी काढून ठेवायचे. आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. "और कुछ?" म्हणाला. मी सुरूच झालो. पाचव्या-सहाव्या मुद्द्याला त्याने थांबवलं, "साब, लिख के भेज दो ना." मग बसून पानभर टाइप केलं आणि पाठवून दिलं.